वेळ लिहायची, तर शेपटासकट

पुण्यातल्या तबल्याच्या सरांचा ऑनलाइन वर्ग शनिवारी संध्याकाळी सातला असतो आणि न्यू जर्सीतला विद्यार्थी ॲपवरून तो बुक करतो. ॲप आणि सर्व्हर यांच्यात वेळेची देवाणघेवाण एपीआयमधून होते. तिथे नुसतं `2025-11-01T19:00:00` पाठवलं, तर हे सात पुण्याचे की न्यू जर्सीचे, हे सर्व्हरला कळायला मार्ग नाही. तो स्वतःच्या घड्याळाप्रमाणे अर्थ लावतो. चूकही लगेच दिसत नाही, कारण पुण्यात चाचणी करताना सगळं बरोबरच येतं.

म्हणून वेळेच्या शेवटी ऑफसेट लागतो, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेपासूनचं अंतर. ही लिहिण्याची पद्धत आरएफसी ३३३९ या २००२ सालच्या मानकात ठरवून दिली आहे. पुढच्या तिन्ही ओळी एकाच क्षणाच्या आहेत:

```
2025-11-01T19:00:00+05:30
2025-11-01T09:30:00-04:00
2025-11-01T13:30:00Z
```

शेवटचा `Z` म्हणजे शून्य ऑफसेट. माझ्या मते एपीआयने कोणताही ऑफसेट स्वीकारावा, उत्तर मात्र नेहमी `Z` लावूनच द्यावं. ऑफसेट नसेल, तर अंदाज न बांधता विनंती सरळ नाकारावी.

भारतीय डेव्हलपरला हमखास अडवणारी गोष्ट म्हणजे `+` हे चिन्ह. वेळ यूआरएलमधल्या प्रश्नचिन्हानंतर पाठवली, तर बहुतेक सर्व्हर `+` ची मोकळी जागा करतात. लॉगमध्ये `19:00:00 05:30` असं दिसलं, की समजावं, चिन्ह वाटेत हरवलं. तिथे `%2B05:30` लिहावं लागतं. न्यू जर्सीच्या वजा चिन्हाला हा त्रास नाही, म्हणून तिकडच्या माणसाला ही अडचण जाणवतही नाही.

ऑफसेटलाही मर्यादा आहे. २ नोव्हेंबर २०२५ रोजी न्यू जर्सीतली घड्याळं तासभर मागे गेली आणि `-04:00` चं `-05:00` झालं. पुण्याचे सात तेच राहिले, पण ८ नोव्हेंबरला विद्यार्थ्याकडे साडेनऊऐवजी साडेआठ वाजले होते. दर आठवड्याचा वर्ग नुसत्या ऑफसेटवर ठरवता येत नाही. त्यासाठी स्थानिक वेळ आणि `Asia/Kolkata` किंवा `America/New_York` असं विभागाचं नाव वेगळ्या रकान्यात ठेवावं. घडून गेलेल्या क्षणाला ऑफसेट पुरतो.

हे सगळं दस्तऐवजात उतरलं पाहिजे. ‘वेळ आयएसओ स्वरूपात द्या’ एवढ्याने भागत नाही, कारण त्या मानकात ऑफसेट नसलेली वेळही चालते. असं लिहा: ‘`starts_at` मध्ये ऑफसेट सक्तीचा; नसल्यास ४०० हा एरर कोड. उत्तर नेहमी `Z` मध्ये. यूआरएलमध्ये `+` ऐवजी `%2B`.’ सोबत एक चालणारं आणि एक नाकारलं जाणारं उदाहरण द्या. ‘चालणाऱ्या’ उदाहरणात `+05:30` असू द्या. फक्त `Z` दाखवलंत, तर `+` ची अडचण वाचणाऱ्याला आधी कळणारच नाही.