वीस पाहुणे आणि दीडची वेळ

अहिल्यानगरच्या मुकुंदनगर किंवा झेंडीगेट भागात रमजान ईदच्या जेवणाचा बेत चंद्रावर ठरतो. एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी चंद्र दिसला तर उद्या ईद, नाही तर परवा. म्हणून तांदूळ, शेवया, सुका मेवा आधीच घरात येतो. मटण मात्र चंद्र दिसल्यावरच.

पाहुणे वीस, जेवण दीडला. घरात दोन शेगड्या आणि अंगणात एक मोठी. बिर्याणीला अडीच किलो बासमती आणि तीन किलो मटण. एवढ्या चुलींवर सगळं एका वेळी होणं शक्य नसतं, म्हणून जे मुरल्यावर चांगलं लागतं ते चांदरातीलाच उरकतात. कोर्मा शिजवून, निववून फ्रीजमध्ये जातो. खिमा आणि चणाडाळ शिजवून वाटतात आणि शामी कबाबच्या टिकिया थापून ठेवतात. कांदा तळला जातो, खारीक भिजते, बिर्याणीच्या मटणाला दही-मसाला लागतो.

सकाळचा पहिला मान शीरखुर्म्याचा, कारण ईदगाहवरून परतणाऱ्यांना तोच लागतो. चार लिटर दुधाला बारीक शेवया 200 ग्रॅम पुरतात. इथे हात सैल सुटला की दुपारपर्यंत वाटीत चमचा उभा राहतो, कारण तुपात परतलेल्या शेवयाही दूध पीत राहतात. म्हणून त्या अगदी शेवटी घालायच्या आणि थोडं गरम दूध बाजूला ठेवायचं. दुपारी घट्ट झालेला खुर्मा त्यानेच सैल होतो.

बाकीची दुपार दमवरून उलटी मोजायची. झाकण 1:15 ला उघडायचं आणि त्याआधी 15 मिनिटं हात लावायचा नाही, म्हणजे आच 1 वाजता बंद. दमाला 40 मिनिटं धरली तर थर 12:20 ला लागलेले हवेत. त्यासाठी तांदूळ बाराच्या सुमारास उकळत्या पाण्यात पडायला हवा. फसगत होते ती इथेच. बारा-तेरा लिटर पाण्याला उकळी यायला चांगला पाऊण तास जातो, म्हणून ते सव्वाअकरालाच मोठ्या शेगडीवर चढवायचं. तांदूळही साडेअकराला भिजत घालायचा. मटण तोवर जवळजवळ शिजलेलं आणि मसाला दाट असावा. रस्सा पातळ राहिला तर खालच्या भाताचा गोळा होतो.

शीत बोटांत दाबलं की तुटावं, पण मधे पांढरी कणी दिसावी. तेवढ्यावर पाणी काढायचं. पातेल्याखाली तवा, झाकणाला कणकेची लडी. लडीच्या फटीतून वाफ जोरात येऊ लागली की आच मंद करायची. आत डोकावायचा मोह आवरावा, गेलेली वाफ परत येत नाही.

दम बसला की दोन्ही शेगड्या मोकळ्या. एकीवर कोर्मा मंद आचेवर गरम होतो, दुसरीवर सव्वाला कबाब तळायला घेतात. आधी तळले तर ते मऊ पडतात. कबाब तळायला पडतात तेव्हाच झाकण उघडतं. पाहुणे उशिरा आले तर कबाब थांबवता येतात, बिर्याणीही बंद झाकणाखाली अर्धा तास तग धरते. त्यांनी लवकर यावं, हे मात्र या वेळापत्रकात कुठेच बसत नाही.