हिरव्या ठिपक्याचा व्यवहार

इन्स्टाग्रामवर कुणाच्या फोटोच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसला, की ती व्यक्ती फोन हातात घेऊन बसली आहे असं आपण धरून चालतो. मग मेसेजला उत्तर आलं नाही, की राग येतो. पण ठिपक्याला माणूस दिसत नसतो, त्याला फक्त ॲप चालू असल्याचं कळतं.

आपण ॲप उघडलं की फोन कंपनीच्या सर्व्हरशी जोडला जातो आणि ॲप चालू असेपर्यंत ‘मी इथे आहे’ असा बारीकसा इशारा थोड्या थोड्या वेळाने पाठवत राहतो. शेवटचा इशारा कधी आला, एवढीच नोंद सर्व्हरकडे असते. नोंद ताजी असेल तर ठिपका हिरवा राहतो. ती शिळी झाली की ठिपका जातो आणि किती वेळापूर्वी सक्रिय होता, हे दाखवलं जातं. लोकल बोगद्यात शिरली आणि नेटवर्क गेलं, तर फोनला ‘निघतो’ म्हणायचीही संधी मिळत नाही. सर्व्हर पुढच्या इशाऱ्याची काही काळ वाट बघतो आणि तेवढा वेळ ठिपका तसाच राहतो. घरच्या टॅबवर तेच खातं उघडं राहिलं असेल तरी हाच घोळ होतो. म्हणून ठिपका दिसणं म्हणजे आपला मेसेज वाचला जाणं नव्हे. समोरचा माणूस रील्स बघत असेल किंवा फोन टेबलावर ठेवून चहा करायला गेला असेल.

हा ठिपका नेमका कुणाला दिसतो, याबाबत बहुतेकांचा अंदाज उलटा असतो. आपले फॉलोअर आपल्याला पाहू शकतात, असं वाटतं. इन्स्टाग्रामचा नियम मात्र असा आहे : आपण ज्यांना फॉलो करतो त्यांना, आणि ज्यांच्याशी मेसेजवर बोलतो त्यांना आपली सक्रियता दिसते. समजा, मीनल पैठण्या विकणाऱ्या एका दुकानाच्या खात्याला फॉलो करते. दुकान तिला फॉलो करत नाही आणि दोघांत कधी मेसेजही झालेला नाही. अशा वेळी मीनल ऑनलाइन आहे हे दुकानाला कळू शकतं, पण दुकानाचा ठिपका मीनलला दिसत नाही. तिने ‘ही साडी केवढ्याला?’ असा मेसेज केला आणि दुकानाने उत्तर दिलं, की दोन्हीकडून दिसू लागतं. उलट, मीनलचे शेकडो फॉलोअर असले, तरी ज्यांना ती फॉलो करत नाही आणि ज्यांच्याशी बोललेली नाही, त्यांना तिचा ठिपका दिसत नाही.

हे नको असेल, तर सेटिंगमध्ये Messages and story replies या भागात Show activity status हा पर्याय असतो. तो बंद केला की आपला ठिपका जातो, पण त्याचबरोबर इतरांचे ठिपकेही आपल्यापुरते गायब होतात.

तंत्रज्ञानाच्या दृष्टीने ही सक्ती अजिबात नाही. कुणाची नोंद कुणाला दाखवायची, हे सर्व्हर ठरवतो. आपली लपवून इतरांची दाखवणं त्याला सहज जमेल. याहू मेसेंजरमध्ये तशी सोयही होती. ‘इनव्हिजिबल’ होऊन कोण कोण आलं आहे ते निवांत बघत बसता यायचं. ही सेवा जुलै 2018 मध्ये बंद झाली आणि त्याच महिन्यात इन्स्टाग्रामवर हिरवा ठिपका आला, तो मात्र परतफेडीची अट घेऊन. व्हॉट्सॲपवरही ‘लास्ट सीन’ लपवलं की इतरांचं दिसत नाही.

अटीमागचा हिशेब सरळ आहे. लपून बघणं फुकट असतं, तर संकोची माणसं आधी लपली असती, मग त्यांचं बघून बाकीचे. शेवटी बघायला कुणी उरलंच नसतं. शिवाय एखाद्यावर पाळत ठेवणाऱ्याला निदान स्वतः उघडं राहावं लागतं. यात कंपनीचाही फायदा आहे : ओळखीचं कुणी ऑनलाइन दिसलं की गप्पा सुरू होतात, त्यामुळे ठिपका बंद करणं थोडं महाग पडलेलं तिला हवंच असतं.

ठिपका बंद केल्याने सगळं झाकलं जातं असंही नाही. मेसेज उघडल्यावर येणारं Seen ही वेगळी सोय आहे, आणि मध्यरात्री टाकलेल्या स्टोरीवरूनही आपण जागे होतो हे कळतंच. त्रास एकाच व्यक्तीचा असेल, तर सगळ्यांचे ठिपके घालवण्याची गरज नाही. त्या व्यक्तीच्या प्रोफाइलवर जाऊन Restrict करावं. आपण कधी ऑनलाइन आहोत आणि तिचा मेसेज वाचला की नाही, हे तिला कळत नाही. तिचे मेसेज मात्र यापुढे रिक्वेस्टमध्ये जातात, त्यामुळे ते वाचायचे असतील तर तिथे जाऊन बघावे लागतात.