मल्टिपल स्पॅनिंग ट्री : रीजनची ओळख आणि दुहेरी जोडणीवरील भारविभागणी

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या परिसरातील प्रत्येक इमारतीचा स्विच मुख्य संगणक कक्षातील दोन कोअर स्विचना स्वतंत्र केबलने जोडण्याची पद्धत रूढ आहे. एक केबल निकामी झाली तरी दुसरीवरून काम चालावे, हा त्यामागील हेतू असतो. परंतु दोन्ही कोअर स्विच परस्परांनाही जोडलेले असल्याने जाळ्यात वर्तुळ तयार होते. इथरनेट फ्रेमला आयुर्मर्यादा नसते. त्यामुळे वर्तुळात शिरलेली ब्रॉडकास्ट फ्रेम फिरतच राहते आणि अल्पावधीत सर्व जाळे ठप्प होते. हे टाळण्यासाठी स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल एक मार्ग अडवून ठेवतो. परिणामी खर्च दोन केबलचा आणि उपयोग एकीचाच, अशी स्थिती उद्भवते. २००२ मध्ये आयईईई ८०२.१एस या मानकाने मांडलेली मल्टिपल स्पॅनिंग ट्री (एमएसटी) पद्धत या मर्यादेवर उपाय सुचवते. प्रस्तुत लेखात तिचे विवेचन एका उदाहरणाच्या आधारे केले आहे.

इन्स्टन्स आणि भारविभागणी

एमएसटीमध्ये प्रत्येक व्हीलॅनसाठी स्वतंत्र वृक्ष उभारला जात नाही. अनेक व्हीलॅन एका गटात घेऊन त्या गटापुरता एक वृक्ष उभारला जातो. या गटास ‘इन्स्टन्स’ म्हणतात. कोणत्याही गटात न नेमलेले व्हीलॅन आपोआप इन्स्टन्स ० मध्ये राहतात.

समजा, ग्रंथालय इमारतीच्या स्विचवर चार व्हीलॅन आहेत : प्रशासन (१०), ग्रंथालय (२०), प्रयोगशाळा (३०) आणि वाय-फाय (४०). वाय-फाय व प्रयोगशाळा यांची वाहतूक सर्वाधिक असल्याने त्यांना वेगवेगळ्या इन्स्टन्समध्ये ठेवणे इष्ट ठरते. सिस्कोच्या स्विचवर ही नेमणूक पुढीलप्रमाणे होते :

```
spanning-tree mode mst
spanning-tree mst configuration
 name CAMPUS
 revision 1
 instance 1 vlan 10,40
 instance 2 vlan 20,30
```

हा मजकूर तिन्ही स्विचवर तंतोतंत सारखा असावा लागतो. त्यानंतर कोअर-१ ला इन्स्टन्स ० व १ साठी, तर कोअर-२ ला इन्स्टन्स २ साठी २४५७६ ही प्राथमिकता दिली जाते. उरलेल्या ठिकाणी २८६७२ ठेवली जाते. कमी अंक असलेला स्विच त्या वृक्षाचा मूळ ठरतो. आता व्हीलॅन १० व ४० पहिल्या केबलवरून, तर २० व ३० दुसऱ्या केबलवरून वाहतात. प्रत्येक केबल एका गटासाठी खुली आणि दुसऱ्यासाठी राखीव असते. मात्र ही विभागणी व्हीलॅननुसार होते, फ्रेमनुसार नव्हे. एकट्या वाय-फायचीच वाहतूक वाढल्यास पहिल्या केबलवरील ताण दुसरीकडे वळत नाही.

रीजनची ओळख आणि संभाव्य दोष

एकच नाव, एकच रिव्हिजन क्रमांक आणि व्हीलॅन-इन्स्टन्स नेमणुकीचा एकच तक्ता असलेले परस्परांशी जोडलेले स्विच मिळून एक ‘रीजन’ बनते. संपूर्ण तक्ता परस्परांना पाठवला जात नाही. त्यावरून काढलेला १६ बाइटचा डायजेस्ट तेवढा बीपीडीयू संदेशातून जातो.

दोषाचे मूळ येथेच आहे. समजा, सीसीटीव्हीसाठी व्हीलॅन ५० निर्माण करताना त्याची नेमणूक केवळ कोअर-१ वर इन्स्टन्स १ मध्ये केली गेली. इतर दोन स्विचवर तो इन्स्टन्स ० मध्येच राहिला. डायजेस्ट बदलल्याने कोअर-१ स्वतंत्र रीजन होतो आणि त्याच्या दोन्ही जोडण्या सीमेवरील ठरतात. सीमेवर इन्स्टन्सनिहाय निर्णय होत नाही. तेथे सर्व व्हीलॅनना एकच सामायिक वृक्ष लागू होतो. त्या वृक्षाचा मूळ कोअर-१ असतो. ग्रंथालय स्विच व कोअर-२ यांचे रीजन त्याला एकाच स्विचसारखे भासते, म्हणून त्या रीजनकडे येणाऱ्या दोन मार्गांपैकी एकच खुला राहतो. दोन्ही मार्गांची बाह्य किंमत समान असल्यास अधिक चांगली प्राथमिकता असलेल्या कोअर-२ चा मार्ग निवडला जातो. ग्रंथालयाची पहिली केबल चारही व्हीलॅनसाठी बंद होते.

या स्थितीत काहीही बंद पडत नाही, म्हणून तक्रारही येत नाही. ऑनलाइन परीक्षेसारख्या प्रसंगी एकाच केबलवर सर्व भार आल्यावर संथपणा जाणवतो आणि दोष इंटरनेट सेवेला दिला जातो.

तपासणी व प्रतिबंध

प्रत्येक स्विचवर `show spanning-tree mst configuration digest` ही आज्ञा देऊन येणारे मूल्य ताडून पाहावे. एका अक्षराचाही फरक असल्यास रीजन दुभंगले आहे, असे समजावे. `show spanning-tree mst` च्या उत्तरात आपल्याच परिसरातील जोडणीपुढे `Bound` असे आल्यास तोच निष्कर्ष निघतो. नाव वा रिव्हिजनमधील फरक मात्र डायजेस्टमध्ये दिसत नाही. ते स्वतंत्रपणे पाहावे लागतात.

तक्त्यात व्हीलॅन प्रत्यक्ष निर्माण झालेला असण्याची गरज नसते. म्हणून भविष्यातील क्रमांकांसह सर्व व्हीलॅनची वाटणी आरंभीच करून ठेवणे हिताचे ठरते. तसे केल्यास पुढे नवा व्हीलॅन निर्माण करताना तक्ता बदलत नाही आणि डायजेस्टही तोच राहतो.

निष्कर्ष

एमएसटीमधील भारविभागणी प्राथमिकतेच्या अंकांवर जितकी अवलंबून असते, तितकीच सर्व स्विचवरील तक्त्यांच्या एकरूपतेवरही असते. दुसरी केबल जोडलेली आहे, एवढ्यावरून ती वापरात आहे असे मानता येत नाही. तक्त्यातील प्रत्येक बदलानंतर डायजेस्टची पडताळणी करणे, हा त्याबाबत खात्री करून घेण्याचा सोपा मार्ग होय.