नऊशे रुपयांचा फरक आणि एक प्रश्न

प्रेमकविता आणि मागणी घालणारी कविता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रेमकविता कुणाला न दाखवताही पुरी होते. ती वहीत राहिली तरी तिचं काही अडत नाही. मागणीच्या कवितेला मात्र एका माणसाचं उत्तर हवं असतं. ते उत्तर ‘नाही’ असंही असू शकतं, आणि ते देणारी बाई उद्या सकाळी दहा वाजता शेजारच्याच खुर्चीत बसणार असते. लाजाळू माणूस कविता लिहायला बसतो तेव्हा हे सगळं त्याला ठाऊक असतं, आणि म्हणूनच बहुतेक वेळा तो कवितेच्या आड लपतो.

हे लपणं कसं होतं आणि त्यातून बाहेर कसं येता येतं, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. तालुक्याच्या गावातली बँकेची शाखा. तरुण कॅशिअर आहे, शेजारच्या खिडकीत त्याची सहकारी. दोघं समान हुद्द्यावर, दोघं अविवाहित. तो तिला ‘मॅडम’ म्हणतो, ती त्याला ‘सर’. दोन वर्षांत कामापलीकडचं बोलणं झालंय ते जेमतेम पावसापुरतं. त्याला तिला लग्नाचं विचारायचं आहे आणि तोंडाने ते होणार नाही याची त्याला खात्री आहे.

असा माणूस पहिल्या रात्री काय लिहितो, ते सांगायला ज्योतिषी नको:

मनाच्या या पासबुकी
तुझं नाव जमा झालं
प्रेमाच्या या ठेवीवर
व्याज चक्रवाढ आलं

स्नेहसंमेलनात याला टाळ्या पडतील. अक्षरं मोजून बसवली आहेत, यमकही चोख आहे. पण हे कडवं कुठल्याही बँकेतल्या कुठल्याही कारकुनाने कुठल्याही मुलीला द्यावं. शिवाय ते गमतीचं आहे, आणि गंमत ही भित्र्याची पळवाट असते. ती रागावली तर ‘अहो, सहज केलं होतं’ म्हणता येतं. तिलाही पुढचा प्रश्न पडतोच, की यात विचारलंय काय? तिला हसावं लागतं आणि कागद परत करावा लागतो.

दुसऱ्या रात्री तो विनोद सोडतो आणि चंद्र घेतो. चंद्रामागून पारिजात येतो, मग डोळ्यांची तळी येतात. यातही ती बाई कुठे नाहीच. तिसऱ्या रात्री कवी स्वतःच पुढे येतो. मी तुझ्या योग्यतेचा नाही, तुझ्याविना माझं जगणं व्यर्थ आहे, वगैरे. माझ्या मते हा तिन्हींतला सगळ्यांत वाईट मसुदा. पहिल्या वाक्यामुळे तिच्यावर त्याची समजूत काढण्याचं काम येतं, आणि दुसऱ्या वाक्यामुळे नकार म्हणजे अपराध होऊन बसतो. वाचताना ते आर्त वाटतं, पण त्यात दडपण असतं, आणि दडपण घालणारा सच्चेपणा काय कामाचा?

मग लिहायचं काय? सोपी कसोटी अशी की कवितेतली एक तरी गोष्ट फक्त या दोघांच्यात घडलेली हवी. आपल्या कॅशिअरपाशी अशी एक गोष्ट आहे. मार्चअखेरीच्या एका संध्याकाळी त्याची कॅश टॅली होईना. हातातली रोकड हिशेबापेक्षा ९०० रुपयांनी कमी भरत होती. असा फरक सापडला नाही तर तो कॅशिअरला खिशातून भरावा लागतो. तिचं काम आटोपलं होतं, शेवटची बस समोर उभी होती. ती पर्स ठेवून परत बसली आणि म्हणाली, ‘सर, नऊने भाग जातोय. आकडे उलटे पडले असतील.’

हिशेब ठेवणाऱ्यांची ही जुनी खूण आहे. दोन शेजारचे अंक अदलाबदल झाले तर येणाऱ्या फरकाला नेहमी नऊने नि:शेष भाग जातो. दोघांनी एकेक व्हाउचर काढून टिक करायला सुरुवात केली. एका ग्राहकाला ५,४०० रुपये दिले होते आणि नोंद ४,५०० ची पडली होती. फरक बरोबर ९०० चा. चूक त्याचीच होती. ती त्यावर हसली नाही आणि दुसऱ्या दिवशी कुणाला काही सांगितलंही नाही.

त्याला ती का आवडते याचं याहून चांगलं कारण चंद्र देऊ शकणार नाही. आता प्रश्न राहतो तो घडणीचा.

नवख्याने अक्षरगणवृत्ताच्या वाटेला जाऊ नये. तिथे प्रत्येक जागी लघु की गुरू ते ठरलेलं असतं, आणि वृत्त सांभाळता सांभाळता बोलणं हातून निसटतं. मुक्तछंद सोपा वाटतो, पण लाजाळू माणूस त्यात पाल्हाळ लावतो. त्याला सोयीची अष्टाक्षरी. दर ओळीत आठ अक्षरं आणि दुसऱ्या-चौथ्या ओळीचं यमक, एवढं सांभाळलं की झालं. लघु-गुरू पाहायचे नाहीत. जोडाक्षर एकच धरायचं, पाय मोडलेलं अक्षर आधीच्या अक्षरात जमा करायचं, म्हणजे ‘अन्’ हे एकच अक्षर. ओव्या आणि अभंग कानावर पडलेल्या मराठी माणसाला ही लय शिकवावी लागत नाही. शिवाय आठ अक्षरांत फार विशेषणं मावत नाहीत, हा तिचा दुसरा फायदा.

चौथ्या मसुद्यात त्याने आणखी एक बदल केला, आणि माझ्या दृष्टीने तोच निर्णायक आहे. पहिल्या तिन्ही मसुद्यांत तो तिला ‘तू’ म्हणत होता, कारण गाण्यांत तसंच म्हणतात. पण शाखेत तो तिला ‘तुम्ही’ म्हणतो. कागदावर एकदम ‘तू’ आलं की तिने न दिलेली जवळीक त्याने परस्पर घेतली असं होतं. ‘तू’ म्हणायची परवानगी उत्तरानंतर मिळेल, किंवा मिळणार नाही. म्हणून कविता अशी झाली:

नऊशेचा होता घोळ,
मला सुटलेला घाम;
बस सोडली तुम्ही अन्
हाती घेतलंत काम.

एक एक व्हाउचर
खूण करीत करीत
चूक माझीच निघाली,
तुम्ही हसला नाहीत.

रोज ठरवून येतो,
आज बोलून टाकावं;
तुम्ही दिसताच वाटे
उद्यावर ढकलावं.

म्हणून हे लिहिलं मी,
सरळच विचारतो:
माझ्याशी लग्न कराल?
घाई नाही, मी थांबतो.

नाही म्हणालात तरी
उद्या येईन कामाला;
नमस्कार रोजचाच,
विषय हा संपलेला.

थोर कविता नाही ही. तिसऱ्या कडव्यातलं ‘वाटे’ जुन्या वळणाचं आहे. ‘वाटतं’ लिहिलं तर ओळ नऊ अक्षरांची होते, म्हणून ते तसंच राहिलं. शेवटच्या कडव्यातलं यमकही सैल आहे. पण यात एकही उपमा नाही, आणि तिच्या रूपाबद्दल एक शब्द नाही. तिने केलेलं काम आहे आणि तिने न केलेली गोष्ट आहे. ‘तुम्ही हसला नाहीत’ या ओळीत त्याने तिचा स्वभाव ओळखल्याचं तिला कळेल. त्या ओळीशी तो पुष्कळ झगडला असणार, कारण तिथे स्तुती करण्याचा मोह मोठा होता.

प्रश्नाची ओळ आधी ‘लग्न कराल का माझ्याशी’ अशी सुचली होती. मोजली तर अक्षरं नऊ. ‘का’ काढला आणि शब्द फिरवले तेव्हा आठात बसली. कविता वीस ओळींची असली तरी तिचं काम या एका ओळीत आहे. लाजाळू कवी नेमकी हीच ओळ गाळतात. ‘समजून घे’, ‘मनातलं ओळख’ असं लिहून मोकळे होतात आणि विचारण्याची जबाबदारी तिच्यावर ढकलतात. ‘लग्न’ हा शब्द कवितेत उघड नसेल तर ती मागणी नव्हे.

लाजऱ्या तोंडातून अवघड गोष्ट काढून घ्यायची युक्ती आपल्याकडे जुनीच आहे. उखाण्यात नवी नवरी पहिली ओळ देवाची, फुलाची किंवा नदीची घेते आणि नवऱ्याचं नाव दुसऱ्या ओळीत यमकाच्या आधाराने उच्चारते. पण उखाणा लग्न ठरल्यानंतरचा, चार माणसांत घ्यायचा. मागणीच्या कवितेला चार माणसं मुळीच चालत नाहीत. काउंटरवर, वाढदिवसाचा केक कापताना किंवा शाखेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती वाचून दाखवली तर समोरच्या बाईला नाही म्हणायची जागाच उरत नाही. मग तिथे मिळालेला होकार खरा की लाजेखातर, हे त्यालाही कधी कळणार नाही.

शेवटचं कडवं याच कारणासाठी आहे, आणि ते पाळणं लिहिण्यापेक्षा कठीण आहे. कायदाही इथे रेघ ओढतो. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा नकोशा वागण्याला आळा घालण्यासाठी आहे. समोरच्या स्त्रीने नकोसं असल्याचं स्पष्ट केल्यावरही वारंवार तिच्याशी संपर्क साधणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा ठरू शकतो. एकदा, एकांतात, सभ्यपणे विचारणं वेगळं. आपला तरुण शाखाधिकारी असता आणि ती त्याच्या हाताखाली असती, तर मी त्याला ही कविता देऊच नको म्हणालो असतो. ज्याच्या सहीने रजा मंजूर होते त्याला मोकळेपणाने नाही म्हणता येत नाही, मग त्याने शेवटचं कडवं कितीही मनापासून लिहिलेलं असो.

बरोबरीचे असाल तर कागदावर, आपल्या अक्षरात लिहा, खाली पूर्ण नाव आणि तारीख घाला. पाकीट चिकटवून द्या, म्हणजे शिपायाच्या हाती पडलं तरी उघडं राहणार नाही. देताना ‘घरी जाऊन वाचा’ एवढंच म्हणा. बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. तेव्हा त्याच्या आदल्या शुक्रवारी, डे-एंड झाल्यावर द्या. वाचायला, घरी बोलायला आणि हवं तर नुसतं गप्प बसायला तिला दोन दिवस मिळतील. सोमवारी आधी तिला बोलू द्या.