नळीच्या तोंडाशी धरलेला कागद

बारावीच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलला टेबलावर एक पुडी येते. आत चिमूटभर पांढरी भुकटी. मुलं तिला नुसतंच ‘सॉल्ट’ म्हणतात आणि ती कशाची आहे, हे शोधायचं असतं. पांढऱ्या भुकट्या शेकड्यांनी असतात, दिसायला बहुतेक सारख्याच, आणि चव बघायची तर सक्त मनाई. मग तिच्यातून वायू बाहेर काढायचा आणि त्याची झडती घ्यायची, हा जुना आणि आजही चालणारा मार्ग. त्यासाठी सामान फारसं लागत नाही: परीक्षानळी, बर्नर, एखाद-दोन आम्लं, लिटमसचे कागद, चुन्याची निवळी आणि काडेपेटी.

समजा पुडीत नवसागर आहे. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात कापसाच्या बोळ्याने जो फिरवतो आणि ज्याचा पांढरा धूर गल्लीभर होतो, तोच हा नवसागर. रसायनशास्त्रात अमोनियम क्लोराइड. त्याची चिमूट परीक्षानळीत टाकायची, वर दोनेक मिलिलीटर सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण घालायचं आणि नळी मंद आंचेवर हलवत राहायची. थोड्याच वेळात नाकात झिणझिण्या आणणारा वास येतो. तो अमोनियाचा. पण वास हा पुरावा नव्हे. सर्दी झालेल्या परीक्षार्थीने काय करायचं? म्हणून ओला केलेला लाल लिटमस कागद नळीच्या तोंडाशी धरायचा. तो निळा झाला की वायू अल्कधर्मी, आणि कॉलेजच्या टेबलावर भेटणाऱ्या नेहमीच्या वायूंमध्ये असा वायू अमोनियाच.

कागद ओला का? अमोनिया पाण्यात विरघळला तरच अल्कली तयार होते. कोरड्या कागदाला त्याचा पत्ताही लागत नाही. आणि कागद नळीच्या काचेला टेकता कामा नये. आतलं हायड्रॉक्साइड उकळताना त्याचे बारीक शिंतोडे काचेवर उडतात. त्यातला एक जरी कागदाला लागला तरी तो निळा होतो आणि ज्या पुडीत अमोनियम नाहीच तिथे अमोनियाची नोंद होते. फरक ओळखता येतो. शिंतोड्याने कागदावर निळे ठिपके पडतात, वायूने कागद एकसारखा, कडेपासून निळा होत जातो. अमाइन नावाचे वायूही कागद निळा करतात. शिळ्या मासळीचा वास त्यांच्यामुळेच. पण त्यांचा वास मासळीकडे झुकलेला असतो, त्यामुळे गोंधळ क्वचितच होतो.

पाठ्यपुस्तकात दुसरीही कसोटी आहे. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवलेली काचेची कांडी नळीच्या तोंडाशी धरली की दाट पांढरा धूर येतो. हा धूर म्हणजे नवसागराचेच कण: दोन वायू भेटले आणि परत पांढरी भुकटी झाली. आता याच नवसागराच्या दुसऱ्या चिमटीवर तीव्र सल्फ्युरिक आम्लाचे थेंब टाकून पाहा. हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो. त्याची कसोटी काय? अमोनियाच्या द्रावणात बुडवलेली कांडी, आणि पुन्हा तोच पांढरा धूर! म्हणजे धूर फक्त एवढंच सांगतो की ही जोडी जमली. नळीतून त्यातला कोण आला आणि कांडीवर कोण होता, हे तुम्हालाच ठाऊक असायला हवं. तीव्र आम्लाची कांडी दमट हवेत नुसती धरली तरी ती थोडी धुरते. म्हणून आधी ती रिकाम्या नळीशी धरून बघावी आणि मगच खऱ्या नळीशी न्यावी. माझं मत विचाराल तर निकाल लिटमसनेच द्यावा, धुराने फक्त दुजोरा.

नवसागर कशातही न मिसळता, कोरडाच तापवला तर आणखी गंमत दिसते. तापल्यावर तो फुटून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड होतो. नळीत वरच्या बाजूला काचलोकरीचा सैल बोळा ठेवून तोंडाशी ओला लिटमस धरला, तर कागद आधी निळा होतो आणि थोड्या वेळाने लाल. अमोनियाचा रेणू हायड्रोजन क्लोराइडच्या निम्म्याहूनही हलका, म्हणून तो बोळ्यातून पुढे सटकतो. बोळा नसेल तर वरच्या थंड काचेवर दोघे परत एकत्र येतात आणि पांढरं कडं जमतं.

आता पुडीतून वायू उसळत, फसफसत आला तर? नवसागरातून तसा येत नाही. त्यासाठी कार्बोनेट हवं. शहाबादी फरशीचा तुकडा घ्या. ही फरशी म्हणजे चुनखडक, आणि म्हणूनच बाथरूम साफ करायच्या अ‍ॅसिडने तिच्यावर फेस येऊन खड्डे पडतात. तुकडा कुटून त्याची पाव चमचा पूड परीक्षानळीत टाकायची, वर चार-पाच मिलिलीटर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि लगेच वाकड्या नळीचं बूच. वाकड्या नळीचं दुसरं टोक दुसऱ्या परीक्षानळीतल्या चुन्याच्या निवळीत बुडवायचं. बुडबुडे निघू लागतात आणि बघता बघता स्वच्छ निवळी दुधाळ होते. कार्बन डायऑक्साइड आणि चुना मिळून झालेले कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण पाण्यात तरंगू लागलेले असतात.

जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश संशोधकाने 1750 च्या दशकात हा वायू प्रथम नीट ओळखला. त्याच्या हातातही निवळीच होती, आणि आपल्या उच्छ्वासातही तोच वायू असल्याचं त्याने तिच्यावरूनच दाखवलं.

निवळी घरी करता येते. पानाचा चुना चमचाभर घेऊन बाटलीभर पाण्यात ढवळायचा, बूच लावून रात्रभर ठेवायचा आणि वरचं स्वच्छ पाणी हलक्या हाताने दुसऱ्या बाटलीत ओतायचं. लिटरभर पाण्यात दोन ग्रॅमही चुना विरघळत नाही, त्यामुळे चुना जास्त घातला तरी बिघडत नाही, तो तळाशी बसतो. बिघडतं ते बाटली उघडी राहिली तर. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू निवळीवर साय आणतो आणि खालचं पाणी दुबळं होत जातं. अशा शिळ्या निवळीत खरा वायू सोडला तरी ती ढिम्म राहते, आणि पोरगं वहीत ‘कार्बोनेट नाही’ लिहून मोकळं होतं. उपाय सोपा आहे. वापरण्याआधी थोडी निवळी वेगळ्या नळीत घेऊन स्ट्रॉने तिच्यात फुंकावं, ओढू मात्र नये. आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड सुमारे 4 टक्के असतो, हवेतल्यापेक्षा साधारण शंभरपट. त्याने निवळी धुरकट झाली तर ती चांगली.

दुसरी फसगत याच्या उलट आहे. वायू सोडतच राहिलं तर दुधाळ झालेली निवळी पुन्हा निवळते. कार्बोनेटचं बायकार्बोनेट होतं आणि ते पाण्यात विरघळतं. जोरात फसफसणारं सॉल्ट असलं आणि नळीवरची नजर हलली, तर शेवटी समोर स्वच्छ पाणीच दिसतं. हे निवळलेलं पाणी उकळून बघावं, ते परत गढूळ होतं. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर याच उलट्या प्रवासातून आलेला असतो.

तिसरी फसगत अधिक चोरटी आहे. निवळी सल्फर डायऑक्साइडनेही दुधाळ होते, आणि तो जास्त सोडला तर तशीच निवळतेही. फक्त निवळी बघून या दोघांना वेगळं करता येत नाही. सल्फर डायऑक्साइडला नुकत्याच पेटलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा उग्र वास असतो, कार्बन डायऑक्साइडला वास नसतो. पण पुरावा वासाचा नको, हे वर म्हटलंच. आम्ल घातलेल्या पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणात भिजवलेला नारिंगी कागद तोंडाशी धरावा. सल्फर डायऑक्साइडने तो हिरवा होतो, कार्बन डायऑक्साइडने नारिंगीच राहतो. म्हणून जाणती मुलं आधी डायक्रोमेटचा कागद धरतात आणि निवळीकडे नंतर वळतात.

हायड्रोजन पुडीतल्या सॉल्टमधून सहसा येत नाही, तो धातूतून काढतात. जस्ताच्या तुकड्यांवर विरल सल्फ्युरिक आम्ल घातलं की बुडबुडे सुरू होतात. फार शुद्ध जस्त आळशीपणा करतं; तेव्हा मोरचुदाच्या द्रावणाचे दोन थेंब टाकले की त्यावर तांबं बसतं आणि वेग येतो. नळीचं तोंड क्षणभर अंगठ्याने बंद ठेवून, मग अंगठा काढून जळती काडी तोंडाशी न्यायची. ‘टप्’ असा आवाज झाला की हायड्रोजन, असं शाळेत शिकवतात. खरं तर आवाज हायड्रोजन आणि हवेच्या मिश्रणाचा असतो. हवेत हायड्रोजनचं प्रमाण 4 ते 75 टक्के असेल तर मिश्रण भडकतं. नळीत शुद्ध हायड्रोजन भरला असेल तर तो तोंडाशी निमूट जळतो, ज्योतही जेमतेम दिसते, आणि विद्यार्थी म्हणतो, ‘सर, आवाजच नाही.’ मोठ्या चंबूतून येणारा हायड्रोजन नळीच्या टोकाशी पेटवायचा असेल तर मात्र हीच शांतता हवी असते. आधी परीक्षानळीत नमुना घेऊन पेटवायचा आणि तो निमूट जळेपर्यंत थांबायचं. तोवर चंबूत हवा उरलेली असते. ज्योत आत शिरली तर काच फुटते.

बरं, मिथेनही हवेत मिसळून पेटवला की आवाज करतो. तेव्हा जळणाऱ्या वायूवर कोरडी थंड काच धरावी. दोघांच्याही बाबतीत तिच्यावर पाण्याचा दंव जमतो. पण मिथेन जळाल्यावर त्याच नळीत निवळी घालून हलवली तर ती दुधाळ होते. हायड्रोजन जळून फक्त पाणी होतं, म्हणून निवळी जशीच्या तशी.

क्लोरीनची ओळख सर्वांत सोपी आणि तो वायू सर्वांत त्रासदायक. हिरवट पिवळा रंग डोळ्यांना दिसतो, पण नळीत थोडाच वायू असला तर तो फिका पडतो. ओला निळा लिटमस धरला की आधी लाल आणि मग पांढरा फटफटीत होतो. पाण्याशी मिळून क्लोरीन दोन आम्लं बनवतो: हायड्रोक्लोरिकने कागद लाल होतो, हायपोक्लोरसने रंगच उडतो. कोरड्या कागदाचा रंग उडत नाही. पिष्ट आणि पोटॅशियम आयोडाइड लावलेला कागद क्लोरीनने निळा होतो खरा, पण ब्रोमीन, ओझोन आणि नायट्रोजन डायऑक्साइडही तो निळा करतात, आणि जास्त क्लोरीनने तो निळेपणाही जातो. म्हणून निर्णायक ठरतं ते लिटमस पांढरं होणं.

प्रयोगशाळेत हा वायू वायुवीजन कपाटात, चिमूटभर ब्लिचिंग पावडरवर विरल आम्लाचे काही थेंब टाकून काढतात आणि काम झाल्यावर नळी सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात बुडवून उरलेला वायू मारतात. हीच क्रिया घरात नकळत होते. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर किंवा कपड्यांचं ब्लीच, आणि संडास साफ करायचं आम्ल, हे एकाच फरशीवर आलं की बंद बाथरूममध्ये क्लोरीन सुटतो. तिथे कागद धरायला थांबू नका. दार उघडून बाहेर या, आणि ही दोन्ही कधीही एका वेळी वापरू नका.