फोटोतला कोपरा फोन कसा ओळखतो? समजून घ्या रॅले कोशंट

पॅनोरमा काढताना फोन दोन फोटो एकमेकांना जोडतो. त्यासाठी दोन्ही फोटोंत नेमके ओळखू येतील असे बिंदू लागतात. कोरी भिंत कामाची नाही, कारण सगळीकडे सारखीच दिसते. दाराची कडही पुरत नाही: कडेच्या रेषेत वर-खाली सरकलं तर चित्र तसंच राहतं. कोपरा मात्र चालतो. कुठल्याही दिशेला सरका, चित्र बदलतं.

बदल मोजायचा कसा?

फोटोतला छोटा चौकोन घ्या आणि तो (p, q) या दिशेने किंचित सरकवा. उजेडात पडलेल्या फरकांचे वर्ग करून बेरीज केली की किती बदल झाला ते कळतं. सरकणं छोटं असेल तर हा हिशोब २×२ च्या एका सिमेट्रिक मॅट्रिक्समध्ये मावतो. सिमेट्रिक म्हणजे कर्णाच्या दोन्ही बाजूंचे आकडे सारखे. समजा आपल्याला हे मॅट्रिक्स मिळालं:

```
M = | 400  200 |
    | 200  100 |
```

जास्त सरकवलं म्हणून बदल मोठा दिसू नये, यासाठी सरकण्याच्या वर्गाने भागायचं:

```
R = (400p² + 2·200pq + 100q²) / (p² + q²)
```

हाच रॅले कोशंट. इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांच्यावरून हे नाव पडलं.

चार दिशा तपासू या

- आडवी (१, ०): ४००
- उभी (०, १): १००
- तिरपी (१, १): ९०० ÷ २ = ४५०
- उलट तिरपी (१, −१): १०० ÷ २ = ५०

सर्वात कमी बदल ५०. समजा आपला नियम असा आहे की सर्वात कमी बदल ४० च्या वर गेला तर तो कोपरा. मग हा कोपरा झाला ना?

नाही! आता (१, −२) ही दिशा घ्या. वरची बेरीज ४०० − ८०० + ४०० = ०. या दिशेला चित्र अजिबात बदलत नाही. म्हणजे ही साधी तिरकी कड आहे आणि आपण फसलो.

असं का झालं?

या मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू ५०० आणि ० आहेत. ५०० ची दिशा (२, १) आणि ० ची दिशा (१, −२). या दोन दिशा एकमेकींना काटकोनात आहेत. सिमेट्रिक मॅट्रिक्समध्ये अशा काटकोनातल्या दिशा नेहमी मिळतात.

बाकी कुठलीही दिशा म्हणजे या दोघींचं मिश्रण, आणि तिथला R म्हणजे ५०० आणि ० यांची त्या प्रमाणातली सरासरी. (१, १) मध्ये ५०० चा वाटा ९/१० आहे, म्हणून ४५०. (१, −१) मध्ये तो १/१० आहे, म्हणून ५०. सरासरी कधीच सर्वात मोठ्या आकड्याच्या वर किंवा सर्वात लहान आकड्याच्या खाली जात नाही.

म्हणून तपासलेली प्रत्येक दिशा दोन गोष्टी सांगते: मोठी आयगेनव्हॅल्यू किमान एवढी आहे आणि लहान आयगेनव्हॅल्यू जास्तीत जास्त एवढी आहे. आपल्या चार दिशांवरून मोठी ४५० किंवा त्याहून जास्त आणि लहान ५० किंवा त्याहून कमी, एवढंच ठरतं. लहान आयगेनव्हॅल्यू ४० च्या वर आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. थोडक्यात, मोजक्या दिशा तपासून 'हा कोपरा नाही' असं ठामपणे म्हणता येतं, 'हा कोपरा आहे' असं नाही.

मोराव्हेक यांची जुनी पद्धत इथेच अडखळायची. ती ४५ अंशांच्या टप्प्याने मोजक्याच दिशा बघायची, त्यामुळे अधल्यामधल्या तिरक्या कडा कोपरे वाटायच्या. १९८८ मध्ये हॅरिस आणि स्टीफन्स यांनी सगळ्या दिशा एकदम विचारात घेण्यासाठी हेच मॅट्रिक्स वापरलं. १९९४ मध्ये शी आणि तोमासी यांनी थेट लहान आयगेनव्हॅल्यूवरच निर्णय ठेवला. ओपनसीव्हीमधलं `goodFeaturesToTrack` मूळ सेटिंगमध्ये हेच करतं.

स्वतः करून बघा

```python
import numpy as np
M = np.array([[400, 200], [200, 100]])
for x in [(1,0), (0,1), (1,1), (1,-1), (1,-2)]:
    x = np.array(x)
    print(x, x @ M @ x / (x @ x))
print(np.linalg.eigvalsh(M))
```

शेवटच्या ओळीत नेमक्या ० ऐवजी अगदी बारीक आकडा दिसला तर घाबरू नका, ती दशांशाची चूक आहे.

एक सावधानता

मॅट्रिक्स सिमेट्रिक नसेल तर ही हद्द पाळली जात नाही. `[[1, 10], [0, 1]]` घ्या. दोन्ही आयगेनव्हॅल्यू १ आहेत, पण (१, १) दिशेला R येतो १२ ÷ २ = ६. म्हणून R वरून काही ठरवण्याआधी कर्णाच्या दोन्ही बाजू जुळतात का, ते बघून घ्या.