समोरचा कामात असेल तर ‘काय चाललंय?’ विचारू नका, नुसती मान हलवा. पण ती कशी?

रात्रीचे आठ वाजलेत. नाक्यावरच्या मेडिकलमध्ये चार-पाच जण उभे आहेत. काउंटरमागचा दादा एका हातात डॉक्टरांची चिठ्ठी धरून दुसऱ्या हाताने गोळ्यांची स्ट्रिप कापतोय. तेवढ्यात त्याच्या ओळखीचा एक जण दुकानावरून जातो, थांबतो आणि मोठ्याने विचारतो, “काय दादा, ओळख विसरलात काय?”

दादा वर बघतो, हसतो, दोन वाक्यं बोलतो. मग पुन्हा चिठ्ठीकडे वळतो. स्ट्रिप पाच गोळ्यांची कापायची होती की दहाची, हे त्याला परत बघावं लागतं.

त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता. न बोलता गेलो तर “भाव खातोय” असं दादाला वाटेल, ही त्याची भीती होती आणि ती खरीही आहे. मग करायचं काय?

ओळखीच्या माणसाला टाळणं इतकं अवघड का वाटतं?

अर्व्हिंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली चारचौघांतल्या वागण्यावर एक पुस्तक लिहिलं. त्यातला एक मुद्दा इथे नेमका लागू पडतो. अनोळखी माणसाशी बोलायला काहीतरी कारण लागतं. ओळखीच्या माणसाच्या बाबतीत उलटं असतं, तिथे न बोलण्यासाठी कारण लागतं.

म्हणजे ओळख झाली की एक छोटीशी उधारी सुरू होते. दिसलात की ती चुकती करायची. पण ती गप्पा मारूनच चुकती करावी लागते असं नाही. एसटीचे ड्रायव्हर बघा. समोरून दुसरी एसटी आली की स्टेअरिंगवरचा एक हात वर जातो, तिकडूनही जातो आणि दोन्ही गाड्या आपापल्या वाटेने निघून जातात. एका सेकंदात नमस्कार झाला, पुढचं बोलणं कुणालाच अपेक्षित नसतं.

नमस्कारात दोन गोष्टी असतात

पहिली गोष्ट म्हणजे “मी तुला पाहिलं.” दुसरी म्हणजे “आता बोलूया का?” एरवी या दोन्ही एकदमच येतात, म्हणून त्या वेगळ्या आहेत हे आपल्या लक्षात येत नाही.

ॲडम केंडन आणि अँड्र्यू फर्बर या संशोधकांनी एका घरगुती पार्टीत लोक एकमेकांना कसे भेटतात याचं चित्रीकरण करून १९७३ मध्ये त्यावर लिहिलं. भेट टप्प्याटप्प्याने होते, असं त्यांना दिसलं. आधी नजर जाते, मग लांबूनच हात किंवा मान हलते, मग माणूस जवळ येतो आणि शेवटी हात मिळवणं, बोलणं होतं.

कामातल्या माणसाला भेटायची युक्ती या टप्प्यांतच आहे. लांबून मान हलवण्यापर्यंत जायचं आणि तिथेच थांबायचं. “पाहिलं” हे द्यायचं, “बोलूया का?” हे मागायचं नाही.

मेडिकलसमोर हे कसं करायचं?

आधी त्याच्या हाताकडे बघा, चेहऱ्याकडे नंतर. हात गोळ्या मोजत असेल, पैसे मोजत असेल किंवा ओठ हलत असतील, तर तो आकडा डोक्यात धरून आहे. अशा वेळी काहीच करू नका. पैसे गल्ल्यात गेले, पिशवी गिऱ्हाइकाच्या हातात दिली, की तो क्षणभर मान वर करतो. तुमची जागा तीच. ती मिळाली नाही तर खुशाल निघून जा. त्याने तुम्हाला पाहिलंच नसेल, तर त्याला वाईट वाटायचा प्रश्नच येत नाही.

नजर मिळाली की मान एकदा खाली करा. खाली, वर नाही. आपल्याकडे हनुवटी झटकन वर करून भुवया उडवल्या की त्याचा अर्थ “काय रे?” असा होतो. तो प्रश्न झाला आणि प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. मान खाली नेली की नुसती ओळख दिली जाते.

शब्द वापरायचाच असेल तर प्रश्न नसलेला वापरा. “रामराम”, “जय भीम”, “नमस्कार” यांची सोय अशी की तोच शब्द परत केला की विषय संपतो. “बरंय ना?” हेही चालतं, कारण “हो” म्हणून भागतं. “काय चाललंय?” म्हटलं की काहीतरी सांगावं लागतं. आणि “ओळखलंत का?” सगळ्यात वाईट, कारण त्यासाठी हातातलं काम सोडून आठवायला लागतं.

या सगळ्यासाठी मराठीत एक अगदी नेमकं वाक्य तयार आहे: “चालू द्या तुमचं.” तुम्ही कामात आहात हे मला दिसतंय आणि माझ्यासाठी थांबू नका, या दोन्ही गोष्टी त्यात येतात.

शेवटचं म्हणजे पाय. तोंडाने “चालू द्या” म्हणून काउंटरला टेकून उभे राहिलात, तर दादा तुमच्या उभं राहण्यावर विश्वास ठेवेल, शब्दांवर नाही. चाल थोडी मंदावली तरी चालेल, पण थांबू नका.

एवढ्याशा व्यत्ययाने खरंच बिघडतं का?

सिडनीतल्या दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांचं औषध देतानाचं काम बघून केलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. मध्ये येणाऱ्या प्रत्येक व्यत्ययाबरोबर चुकीची शक्यता साधारण १२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. आपलं मेडिकल म्हणजे रुग्णालय नव्हे. पण मोजणं मध्येच तुटलं की काय होतं, याचा अंदाज यावरून येतो.

आपलं चुकलं हे कसं ओळखायचं?

दादाचा चेहरा तुमच्याकडे वळला, पण खांदे आणि हात कामाकडेच राहिले, तर तो फक्त नमस्कार परत करतोय. तुम्ही निघा. त्याने हातातली वस्तू खाली ठेवली आणि “बोला” म्हणाला, तर तुमच्या नमस्काराचा त्याने “काहीतरी काम आहे” असा अर्थ घेतला. लगेच “काही नाही, सहज” म्हणून सुटका करा. पण खांद्यांसकट अख्खा माणूस वळला आणि त्यानेच विषय काढला, तर दोन मिनिटं थांबायला हरकत नाही. त्याला बोलायचंय.

नुसती मान कुठे पुरत नाही?

घरातल्या किंवा गावातल्या थोरांसमोर नुसती मान हलवणं उर्मट वाटू शकतं. तिथे हात जोडा किंवा “नमस्कार काका” म्हणा. वेळ तेवढाच लागतो. समोरच्याला दिसत नसेल तर मान हलवून उपयोग नाही. “मी अमुक, निघालोय” असं नावासकट सांगा, नाहीतर कोण बोललं हे ओळखत बसायचं काम त्याच्या माथी येतं. आणि ज्याच्या घरी नुकतंच कुणी गेलंय, तो कितीही कामात असला तरी त्याला मान हलवून पुढे जाऊ नका. दुकान बंद व्हायच्या वेळी परत या.

हे शेवटचं इतरांच्या बाबतीतही खरं आहे. महिनाभर रोज नुसती मानच हलत राहिली, तर हा आपल्याला टाळतोय असं दादाला वाटायला लागतं. दुपारी तीनच्या सुमारास, काउंटर रिकामा असताना, एकदा जा. तेव्हा “काय चाललंय?” बिनधास्त विचारा आणि उत्तर ऐकायला थांबा.